सी फॅक्टर काढायचाय? आधी विचारा पेरणी कोणत्या नक्षत्रात झाली

पहिल्यांदा मातीच्या धुपीचा नकाशा केला तेव्हा ऑगस्टच्या शेवटी एक दिवस आभाळ एकदम उघडं मिळालं होतं, सॅटेलाइट इमेज काचेसारखी स्वच्छ, मला वाटलं लॉटरीच लागली. त्या इमेजवरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ किती आहे ते सांगणारा आकडा, काढला, फॉर्म्युल्यात टाकला आणि औसा भागातल्या सोयाबीनच्या शिवारात धूप जवळपास शून्य दिसायला लागली, डोंगरावरच्या झुडपांपेक्षाही कमी. नकाशा घेऊन गावात गेलो तर एका काकांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "सायेब, माती तर मिरगातच गेली की, तुमी आता पोळ्याला मोजायलाव." त्या एका वाक्यात सी फॅक्टरचं सगळं गणित आहे, मला ते कळायला मात्र पुढचे दोन महिने लागले. नवीन लोकांचे तेवढे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सी म्हणजे नेमकं काय

धुपीचं समीकरण बहुतेकांना माहीत असतं, `A = R × K × LS × C × P`. त्यात A म्हणजे जाणारी माती, R पावसाचा मार, K मातीचा धुपण्याचा कल, LS उताराची लांबी आणि चढ, P बांधासारखी कामं, आणि सी म्हणजे कव्हर आणि मशागतीचा हिस्सा. एक कायम उघडी ठेवलेली, उताराच्या दिशेने नांगरलेली, तण उगवू न दिलेली जमीन घ्या, तिथून जेवढी माती जाईल तिला १ धरा, आणि तसाच उतार तशीच माती असलेल्या तुमच्या पिकाच्या शेतातून तिच्या किती पट जाते ते सी. म्हणजे सी ०.५ असेल तर उघड्या जमिनीच्या निम्मी माती जाते, बास. हे गुणोत्तर आहे, "हिरवळ किती" याचा आकडा नाही, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आता हे गुणोत्तर वर्षभर सारखं नसतं. जूनमध्ये शेत कुळवून उघडं पडलेलं असतं, ऑगस्टमध्ये सोयाबीनने जमीन झाकलेली असते. त्या त्या पंधरवड्याच्या गुणोत्तराला सॉइल लॉस रेशो म्हणतात, मी पुढे नुसतं एसएलआर लिहितो. वर्षाचा सी काढताना या सगळ्या एसएलआरची साधी सरासरी घ्यायची नाही, त्या पंधरवड्यात वर्षातल्या पावसाच्या माराचा किती टक्के वाटा पडला त्याने गुणून बेरीज करायची:

```
C = Σ (EI_i × SLR_i)
```

इथे `EI_i` म्हणजे त्या काळातला पावसाच्या माराचा वाटा, सगळे वाटे मिळून १. जमीन उघडी असताना मार जास्त पडला तर सी मोठा, झाकलेली असताना पडला तर छोटा. काका हेच म्हणत होते, त्यांनी फक्त सिग्मा लावला नव्हता.

पहिली पायरी: वर्षाचे तुकडे पाडा

सुधारित समीकरणाच्या पद्धतीत, म्हणजे रसलमध्ये, पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे वापरतात. आपल्याकडे हे काम पंचांगाने आधीच करून ठेवलंय, पावसाचं एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं आणि मराठवाड्यातला शेतकरी तारीख विसरेल पण पेरणी मृगात झाली का आर्द्रात हे विसरणार नाही. "किती तारखेला पेरलं" विचारलं की लोक अंदाजे काहीतरी सांगतात, "कोणत्या नक्षत्रात" विचारलं की ठाम उत्तर येतं, वर मागच्या तीन वर्षांचंही येतं. म्हणून माझ्या पीक कॅलेंडरचे रकाने थेट नक्षत्रांचे असतात, रोहिणी साधारण २५ मेपासून, मृग ८ जूनपासून, आर्द्रा २२ जूनपासून, असं हस्तापर्यंत, आणि चित्रापासून पुढच्या रोहिणीपर्यंतचं सगळं वर्ष एकाच रकान्यात. तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात, त्याने काही बिघडत नाही.

शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. शेवटची कुळवणी कधी, पेरणी कधी, दोन ओळींमधली जमीन दिसायची कधी बंद झाली, पानं पिवळी पडून गळायला कधी लागली, काढणी कधी, आणि काढणीनंतर भुसकटाचं काय केलं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. भुसकट जनावरांना गेलं, बांधावर पेटवलं का शेतात पसरलं यावर पुढच्या जूनचा एसएलआर ठरतो. कोळपणीही विचारून घ्या, पण सोयाबीनमध्ये तिचा परिणाम आपल्या या ढोबळ हिशोबात फार दिसत नाही.

दुसरी पायरी: पावसाच्या माराचे वाटे

इथे नवीन माणूस घाबरतो, कारण खरा ईआय काढायला दर काही मिनिटांचा पाऊस लागतो आणि तो कुणाकडेच नसतो. पण लक्षात घ्या, आपल्याला ईआयचा पूर्ण आकडा नकोय, नुसते वाटे हवेत. आणि वाटे रोजच्या पावसावरून बऱ्यापैकी निघतात. रोजच्या पावसाला एका घातांकाने चढवायचं, हा घातांक साधारण १.५ ते १.८ च्या दरम्यान वापरतात, मी १.८ घेतो. १२.७ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे दिवस सोडून द्यायचे, बाकी दिवसांचे आकडे नक्षत्रावार बेरीज करून वर्षाच्या बेरजेने भागायचे. समीकरणात पुढे जो स्थिरांक असतो तो वर आणि खाली दोन्हीकडे येतो म्हणून कटून जातो, त्याची काळजी करू नका.

घातांक का, तर एक हिशोब बघा. एका दिवसात ९० मिलिमीटर पाऊस पडला तर ९० चा १.८ वा घात साधारण ३२९० येतो. तेवढाच ९० मिलिमीटर पाऊस सहा दिवसांत रोज १५ असा पडला तर सहा वेळा १३१, म्हणजे ७८५ च्या आसपास. पाऊस तेवढाच, मार चौपटीहून जास्त. म्हणून नुसत्या मिलिमीटरच्या टक्केवारीने वाटे काढले तर जूनच्या वादळी पावसाचा वाटा कमी दिसतो आणि भिजपावसाच्या दिवसांचा फुगतो.

पाऊस कुठून घ्यायचा, तर महसूल मंडळाची रोजची नोंद मिळाली तर सगळ्यात बरं, नाहीतर हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिड डेटा आहेच. ग्रिडमध्ये मोठे पाऊस आजूबाजूला पसरून थोडे बोथट होतात हे ध्यानात ठेवा. आणि एका वर्षावर वाटे काढू नका प्लीज, एखाद्या वर्षी हस्ताने झोडपलं की सगळं चित्रच उलटं होतं. निदान दहा-पंधरा वर्षं घ्या, वीस मिळाली तर उत्तम.

तिसरी पायरी: प्रत्येक नक्षत्राचा एसएलआर

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९७८ च्या हँडबुक ५३७ मध्ये पिकाच्या अवस्थांप्रमाणे तयार तक्ते आहेत, पेरणीपासून पीक १० टक्के जमीन झाकेपर्यंत एक अवस्था, मग ५० टक्क्यांपर्यंत, मग ७५ पर्यंत, मग काढणीपर्यंत, मग धसकटं. अवस्था पाडायची ही पद्धत चांगली आहे, ती घ्या. तक्त्यातले आकडे मात्र तिकडच्या पिकांचे आणि तिकडच्या मशागतीचे आहेत, ते जसेच्या तसे उचलू नका. त्याऐवजी रसलमधले दोन छोटे फॉर्म्युले वापरून स्वतःच काढा:

```
CC  = 1 - Fc * exp(-0.328 * H)
SC  = exp(-0.035 * Sp)
SLR = B * CC * SC
```

`Fc` म्हणजे पानांनी झाकलेल्या जमिनीचा हिस्सा, ० ते १. `H` म्हणजे पानावरून थेंब सरासरी किती मीटरवरून खाली पडतो. `Sp` म्हणजे जमिनीला चिकटून पडलेल्या पाचोळ्याची टक्केवारी, इथे १ मध्ये नाही तर १०० मध्ये लिहायची, ही गल्लत मी दोनदा केलीये. `B` हा उघड्या कुळवलेल्या जमिनीचा आकडा, मागच्या पिकाच्या मुळांमुळे तो १ पेक्षा थोडा कमी असतो, मी दरवर्षी पेरल्या जाणाऱ्या काळ्या जमिनीला ०.८५ धरतो. हा माझा अंदाज आहे, तुमच्या भागात कुणी प्लॉटवर मोजलेला आकडा असेल तर तोच घ्या. रसलमध्ये ढेकळांच्या खडबडीतपणाचाही एक घटक आहे आणि मूळ `SC` मध्येही तो येतो, सुरुवातीला तो सोडला तरी चालतं.

`Fc` कसा मोजायचा? मोबाइल हात लांब करून पिकावर सरळ खाली धरा, ओळ आणि ओळीमधली जागा दोन्ही फोटोत येऊ देत, शेतात आठ-दहा ठिकाणी फोटो घ्या. घरी येऊन फोटोवर दहा बाय दहाची जाळी टाका आणि रेघा छेदतात त्या शंभर बिंदूंपैकी किती हिरव्यावर पडले ते मोजा. पाचोळ्यासाठी शंभर गाठी मारलेली दोरी ओळींना तिरकी ताणायची आणि किती गाठींखाली पाचोळा आहे ते मोजायचं. दोरी ओळीला समांतर ठेवली तर उत्तर हमखास चुकतं. हे काम कंटाळवाणं आहे पण एकदा केलं की पुढे इमेजवरचे आकडे खरे का खोटे ते लगेच कळतं.

एक शेत पूर्ण सोडवून बघू

लातूरकडचं एक सोयाबीनचं शेत धरू. मध्यम काळी जमीन, मृग संपता संपता वाफसा मिळाला आणि पेरणी झाली, ओळी दीड फुटावर, हस्तात काढणी, गुळी जनावरांना. पावसाचे वाटे मी समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या मंडळाचे वेगळे येतील, ते तुम्हीच काढा.

| नक्षत्र | माराचा वाटा % | शेताची अवस्था | एसएलआर |
|---|---|---|---|
| रोहिणी | ५ | कुळवलेली, उघडी | ०.८५ |
| मृग | १८ | उघडी, शेवटी पेरणी | ०.८५ |
| आर्द्रा | १६ | उगवण, ८ टक्के कव्हर | ०.७८ |
| पुनर्वसू | १२ | ३० टक्के | ०.६१ |
| पुष्य | १३ | ६० टक्के | ०.३८ |
| आश्लेषा | ८ | ८५ टक्के | ०.२१ |
| मघा | ७ | ९० टक्के | ०.१८ |
| पूर्वा | ७ | ९० टक्के | ०.१८ |
| उत्तरा | ८ | पानगळ, खाली पाचोळा | ०.१६ |
| हस्त | ५ | काढणी, थोडा पाचोळा | ०.४२ |
| चित्रा ते पुढची रोहिणी | १ | कुळवून पडीक | ०.७० |

एक ओळ हाताने करून बघा म्हणजे बाकीच्या समजतील. पुनर्वसूत कव्हर ०.३०, झाड छोटं म्हणून थेंब साधारण १५ सेंटिमीटरवरून पडतो, म्हणजे `H` ०.१५. `exp(-0.328*0.15)` आला ०.९५, म्हणून `CC` ०.७१, पाचोळा नाही म्हणून `SC` १, आणि ०.८५ गुणिले ०.७१ म्हणजे ०.६१. उत्तरात गंमत आहे, पानं गळून वरचं कव्हर ७० टक्क्यांवर येतं, तरी एसएलआर मघापेक्षा कमी, कारण गळलेली पानं जमिनीवर २० टक्के पसरली आणि जमिनीला चिकटलेलं कव्हर हवेतल्या कव्हरपेक्षा कितीतरी जास्त काम करतं. नुसत्या २० टक्के पाचोळ्याने एसएलआर निम्मा होतो.

बेरीज करायला दोन ओळी पुरे:

```python
import numpy as np
ei  = np.array([5,18,16,12,13,8,7,7,8,5,1]) / 100
slr = np.array([.85,.85,.78,.61,.38,.21,
                .18,.18,.16,.42,.70])
print((ei * slr).sum())   # 0.5257
```

सी आला ०.५३. आता बघा, पहिल्या तीन नक्षत्रांत माराचा वाटा ३९ टक्के आहे, पण सीमध्ये त्यांचा हिस्सा ६१ टक्के. म्हणजे तुमची सगळी मेहनत जूनचे आकडे बरोबर आणण्यात जायला पाहिजे, ऑगस्टचं कव्हर ९० का ९३ यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एक-दोन खेळ करून बघायला हरकत नाही. पाऊस लांबला आणि पेरणी एक नक्षत्र पुढे गेली तर एसएलआरचा रकाना एक घर खाली सरकवा, सी ०.५९ येतो. उलट पेरणीच्या वेळी जमिनीवर ३० टक्के पाचोळा ठेवला आणि पहिली तीन नक्षत्रं तो टिकला असं धरलं तर सी ०.३२ पर्यंत उतरतो. आणि सोयाबीनमध्ये तूर असेल, काढणीनंतर ती उभी राहते, त्याने किती फरक पडतो? जवळजवळ काहीच नाही, कारण तोवर पाऊसच संपलेला असतो. मी एकदा तुरीच्या कव्हरवर आख्खा आठवडा घालवलाय.

आता एनडीव्हीआयचा रस्ता

एवढं गावोगाव विचारत फिरणं शक्य नसतं, पाणलोट मोठा असतो, म्हणून लोक एनडीव्हीआयकडे वळतात. सगळ्यात जास्त चालतो तो हा फॉर्म्युला:

```
C = exp(-2 * NDVI / (1 - NDVI))
```

हा २००० साली युरोपियन कमिशनच्या जॉइंट रिसर्च सेंटरमध्ये व्हान डर क्नाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपच्या नकाशासाठी दिला, इमेजेस एव्हीएचआरआर या सॅटेलाइट सेन्सरच्या, पिक्सेल किलोमीटरचा. त्यांनाही जंगल आणि गवताला सी जास्त येतोय हे दिसलं आणि तिथे त्यांनी हाताने कमाल मर्यादा लावली. आपल्याकडचे लोक फॉर्म्युला उचलतात, मर्यादा विसरतात.

त्याच सोयाबीनच्या शेतावर तो लावून बघा. ऑगस्टअखेर एनडीव्हीआय ०.७५ असेल तर सी येतो ०.००२५. एप्रिलच्या इमेजमध्ये ०.१८ असेल तर ०.६४. नोव्हेंबरमध्ये हरभरा उगवलेला असेल, ०.३५, तर ०.३४. शेत तेच, वर्ष तेच, आणि पोळ्याच्या इमेजचं उत्तर कॅलेंडरच्या ०.५३ पेक्षा दोनशे पटीहून लहान. माझा तो पहिला नकाशा असाच झाला होता. यात फॉर्म्युल्याचा दोष अर्धाच आहे, खरी गडबड ही की एका दिवसाचा एसएलआर आपण वर्षाचा सी म्हणून वापरतो. वर्षाचा सरासरी एनडीव्हीआय घेऊनही सुटका नाही, त्यात जूनच्या एका महिन्याला आणि जानेवारीच्या एका महिन्याला सारखंच वजन मिळतं, आणि जानेवारीत पाऊस कुठेय?

म्हणून योग्य पद्धत म्हणजे एनडीव्हीआयची पूर्ण मालिका घ्यायची, नक्षत्रावार एकेक किंमत काढायची, तिच्यावरून एसएलआर, आणि मग वरच्याच वाट्यांनी गुणायचं. कॅलेंडर आणि एनडीव्हीआय हे दोन वेगळे धर्म नाहीत, एनडीव्हीआय फक्त `Fc` मोजायचं साधन आहे.

`Fc` काढायला एक्स्पोनेन्शियलपेक्षा मला ही सरळ रेघ बरी वाटते:

```
Fc = (NDVI - NDVIs) / (NDVIv - NDVIs)
```

`NDVIs` म्हणजे तुमच्याच भागातल्या उघड्या जमिनीचा एनडीव्हीआय, `NDVIv` म्हणजे पूर्ण झाकलेल्या पिकाचा. हे दोन्ही तुमच्याच इमेजेसमधून काढा, मे महिन्यातल्या कुळवलेल्या शेतांवरून एक आणि ऑगस्टच्या दाट शेतांवरून दुसरा. समजा ०.१८ आणि ०.८५ आले, आणि पुनर्वसूत शेताचा एनडीव्हीआय ०.३८ आहे, तर `Fc` येतो ०.३०, म्हणजे फोटोवरून मोजला होता तेवढाच, आणि एसएलआर ०.६१. युरोपचा फॉर्म्युला त्याच ०.३८ ला ०.२९ देतो, निम्म्याहून कमी. ० पेक्षा खाली किंवा १ च्या वर गेलेला `Fc` कापून टाका.

गूगल अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेल-२ सॅटेलाइटची मालिका अशी घ्यायची:

```javascript
var pt = ee.Geometry.Point([76.57, 18.40]);
var s2 = ee.ImageCollection('COPERNICUS/S2_SR_HARMONIZED')
  .filterBounds(pt)
  .filterDate('2023-05-25', '2023-10-10')
  .map(function(im) {
    var s = im.select('SCL');
    var ok = s.neq(3).and(s.neq(8))
      .and(s.neq(9)).and(s.neq(10));
    return im.normalizedDifference(['B8', 'B4'])
      .rename('NDVI').updateMask(ok)
      .copyProperties(im, ['system:time_start']);
  });
print(ui.Chart.image.series(s2, pt, ee.Reducer.mean(), 10));
```

`SCL` मधले ३, ८, ९, १० म्हणजे ढगाची सावली, दोन प्रकारचे ढग आणि सिरस, ते काढून टाकलेत. पॉइंट लातूरजवळचा नमुन्याचा आहे, तो बदलून तुमच्या शेताच्या मधोमध ठेवा, बांधावर किंवा रस्त्यावर पडला तर चार्ट काहीही दाखवेल.

ढग, म्हणजे खरं दुखणं

चार्ट चालवला की पहिली निराशा होते. सेंटिनेल-२ पाच दिवसांनी येतो खरा, पण मृगापासून पूर्वापर्यंत बिंदू मोजकेच उरतात, आणि ज्या तीन नक्षत्रांवर सगळं अवलंबून आहे तिथेच भगदाड. त्यातही उरलेल्या बिंदूंपैकी काही मास्कमधून सुटलेले पातळ ढग असतात. ओळखायचं कसं, तर एनडीव्हीआय जुलैमध्ये ०.४५ वरून अचानक ०.१५ आणि पुढच्या फेरीत ०.५५ असेल तर तो खड्डा ढगाचा आहे, पीक पाच दिवसांत मरून परत उगवत नाही. असे खड्डे काढून टाका.

मग मोकळी जागा भरायची कशी? बरेच लोक सरळ दोन बिंदू रेघेने जोडतात. मेच्या शेवटी ०.१८ आणि मग थेट ऑगस्टच्या सुरुवातीला ०.७०, मध्ये काही नाही, रेघ ओढली की मृगातच कव्हर वाढायला लागतं, म्हणजे पेरणीच्या आधीच पीक उगवलं. सी कमी येतो आणि नकाशा छान गुळगुळीत दिसतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही. इथे कॅलेंडर कामाला येतं. पेरणीच्या दिवसापर्यंत एनडीव्हीआय `NDVIs` वरच रोखून धरा, उगवणीनंतरच रेघ चढू द्या. गावागणिक एक पेरणीचं नक्षत्र माहीत असलं तरी काम भागतं. ज्यांना मोठ्या भागाचं करायचंय त्यांनी मोडिसचं १६ दिवसांचं `MOD13Q1` घ्यावं, पिक्सेल २५० मीटरचा, त्यात दोन-चार शेतं मिसळतात पण मालिका जास्त भरलेली असते. त्याच्या आकड्यांना `0.0001` ने गुणायला विसरू नका, नाहीतर एनडीव्हीआय ३८०० दिसेल आणि तुम्ही रात्रभर कोड तपासत बसाल.

अजून एक सापळा म्हणजे तण. मृगाचे दोन पाऊस झाले की न पेरलेली जमीनही हिरवी होते, एनडीव्हीआय वर जातो, मग कुळव फिरतो आणि परत खाली. हा छोटा उंचवटा पिकाचा समजून पेरणी आठ-दहा दिवस आधी धरली जाते. चार्टवर असा बुटका उंचवटा आणि लगेच घसरण दिसली तर पेरणी घसरणीनंतरची.

जिथे एनडीव्हीआय सरळ खोटं बोलतो

वाळलेलं गवत. माळरानावर मेमध्ये गवत पिवळं असतं, एनडीव्हीआय ०.२, म्हणजे कुळवलेल्या शेताइतकाच, पण जमीन पाचोळ्याने आणि मुळांनी धरून ठेवलेली असते. फॉर्म्युला तिथे ०.६ देतो आणि माळावरून शेताइतकीच धूप दिसते. उसाचं पाचट, कडब्याची धसकटं, मल्चिंग, सगळ्यांचं हेच, हिरवं नाही म्हणून सॅटेलाइटला दिसत नाही. अशा जागा लँड यूजच्या नकाशावरून वेगळ्या काढा आणि त्यांना एसएलआर हातानेच द्या. पाणी आणि गावठाण आधीच मास्क करा, पाण्यावर एनडीव्हीआय उणे येतो आणि एक्स्पोनेन्शियल फॉर्म्युला १ पेक्षा मोठा सी देतो. नकाशाच्या हिस्टोग्राममध्ये १ च्या पुढे काही दिसलं तर समजायचं, मास्क राहिलाय.

सोलापूरकडची रब्बी ज्वारीची जमीन हे तर सगळ्यात चांगलं उदाहरण. भारी काळी जमीन खरिपात पडीक ठेवतात, कुळवून कुळवून ओल साठवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरतात. जानेवारीच्या स्वच्छ इमेजमध्ये शिवार हिरवंगार, सी कमी. प्रत्यक्षात आख्खा पावसाळा उघड्या जमिनीवर पडलेला असतो आणि कॅलेंडरने काढलं तर सी ०.८ च्या आसपास जातो. (वाटे मात्र लातूरचे घेऊ नका, तिकडे सप्टेंबरचा पाऊस जास्त असतो.)

बांध, उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा सरी, हे सगळं `P` मध्ये जातं, सीमध्ये नाही. वरंब्यावर पेरणी आहे म्हणून एसएलआर कमी केला आणि `P` पण कमी घेतला तर एकाच कामाचे पैसे दोनदा घेतल्यासारखं होतं. प्रकल्पाच्या अहवालांमध्ये हे फार दिसतं, कारण आकडा छान कमी येतो.

नकाशा झाला की बाहेर पडायच्या आधी पाच ओळखीची शेतं घ्या, एक सोयाबीन, एक रब्बीची पडीक, एक ऊस, एक माळरान, एक दाट झाडी, आणि त्यांचा सी उतरत्या क्रमाने लावा. रब्बीची पडीक वर, मग सोयाबीन, झाडी सगळ्यात खाली यायला हवी. ऊस आणि माळरान मध्ये कुठेतरी, ते लावणीच्या वेळेवर आणि चराईवर ठरतं. हा क्रम चुकला तर आकडे कितीही दशांशापर्यंत असू देत, परत पेरणीच्या रकान्याकडे जा. आणि पुढच्या मृगात पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाच ठिकाणी जाऊन ओघळी पडल्यात का ते बघून या, दुपारपर्यंत वाफसा आला तर कुळव फिरतो आणि ओघळी बुजून जातात.